दोन ट्रान्झिस्टरांचा थर्मामीटर कसा जुळवावा

एकट्या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज तापमान वाढले की दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. पण तो नेमका किती असेल हे नगागणिक बदलते. सारख्या आकाराच्या दोन ट्रान्झिस्टरांतून वेगवेगळा प्रवाह सोडला, तर त्यांच्या व्होल्टेजमधला फरक मात्र केवळ प्रवाहांचे गुणोत्तर आणि केल्विनमधले तापमान यांवर ठरतो.

```
ΔV = 86.17 µV × T × ln(I1/I2)
```

दोन सुटे ट्रान्झिस्टर घेऊ नका. त्यांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी २ मिलिव्होल्ट इकडचे तिकडे होतात आणि उत्तर १० अंशांनी चुकते. एकाच चिपवरची जोडी हवी. CA3046 मध्ये ती मिळते. पिन १ व २ एकत्र जोडा, ४ व ५ एकत्र जोडा. पिन ३ हा दोघांचा सामाईक एमिटर; तो ग्राउंडला न्या. पिन १३ ही ग्राउंडलाच हवी, कारण चिपचा सबस्ट्रेट तिथे आहे. ही पिन मोकळी राहिली की आकडे विचित्र येतात.

आता स्थिर ५ व्होल्टपासून पहिल्या जोडाला ४३ किलोओहम आणि दुसऱ्याला ४३० किलोओहमचा रेझिस्टर लावा. प्रवाह अंदाजे १०१ आणि १०.३ मायक्रोअँपियर होतात. गुणोत्तर १० धरू नका: दोन ट्रान्झिस्टरांवरचा व्होल्टेज वेगळा असल्याने ते ९.८७ येते. रेझिस्टरही आधी मल्टिमीटरने मोजून घ्या. या गुणोत्तराने दर केल्विनला १९७.३ मायक्रोव्होल्ट मिळतात.

मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून पिन २ आणि ४ मधला फरक मोजा. समजा ५९.९ आला. भागाकार केला तर ३०३.६ केल्विन, म्हणजे ३०.४ अंश सेल्सिअस. खोली तर एवढी तापलेली वाटत नाही! इथे बहुतेक जण रेझिस्टर बदलत बसतात. खरा दोष जोडीत असतो: एकाच चिपवरचे ट्रान्झिस्टरही तंतोतंत सारखे नसतात, आणि १ मिलिव्होल्टची विषमता म्हणजे ५ अंश.

उपाय सोपा आहे. दोन्ही रेझिस्टरांची अदलाबदल करा, मल्टिमीटरच्या तारा उलट करा आणि पुन्हा मोजा. समजा आता ५८.५ आला. विषमता एकदा बेरजेत आणि एकदा वजाबाकीत शिरते, म्हणून सरासरी ५९.२ हा खरा फरक. त्यातून ३०० केल्विन, म्हणजे २७ अंश मिळतात. विषमता ०.७ मिलिव्होल्ट निघाली. ती टिपून ठेवली की पुढे दर वेळी अदलाबदल करायला नको.

मल्टिमीटरचा शेवटचा आकडा ०.१ मिलिव्होल्टचा असेल तर अर्ध्या अंशापेक्षा बारीक काही दिसणार नाही. अ‍ॅम्प्लिफायर लावायचा असेल तर त्याचा स्वतःचा ऑफसेट आधी पाहा, कारण ०.२ मिलिव्होल्टचा ऑफसेट पुन्हा एक अंश खातो.