स्ट्रॅपलेस ब्रा खाली का घसरते? या चुका टाळा

लग्नसराईत ऑफ-शोल्डर ब्लाउजसाठी स्ट्रॅपलेस ब्रा घेताना बहुतेक जणी आपला नेहमीचाच नंबर मागतात, आणि पहिली चूक तिथेच होते. नेहमीच्या ब्रामध्ये बँड थोडा सैल असला तरी खांद्यावरच्या पट्ट्या कप वर धरून ठेवतात, त्यामुळे तो सैलपणा वर्षानुवर्षे लक्षातच येत नाही. पट्ट्या काढल्या की सगळा भार एकट्या बँडवर येतो.

माझी मावसबहीण रोज ३६बी वापरते. त्याच मापाची स्ट्रॅपलेस ब्रा घालून ती एका रिसेप्शनला गेली आणि तासाभरात ती कमरेकडे सरकू लागली. घरी टेप घट्ट धरून छातीखालचा घेर मोजला, तो भरला ३३ इंच. म्हणजे ३६चा बँड तिला मुळातच सैल होता. मग तिने ३४बी आणली आणि इथे दुसरी चूक झाली, कारण अक्षर तेच ठेवून बँडचा आकडा कमी केला की कपही लहान होतो. बँड घट्ट बसला, पण कपची वरची कड रुतू लागली, मधला भाग छातीच्या हाडापासून सुटला आणि ब्रा पुन्हा खाली आली. अखेर ३४सी नीट बसली, कारण तिच्या कपात ३६बीइतकीच जागा असते.

नवी ब्रा नेहमी सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे, म्हणजे कापड सैलावत गेल्यावर आतले हुक कामी येतात. ट्रायल रूममध्ये किंचित पुढे वाकून काखेजवळचा भाग हाताने कपात घ्यावा आणि मग दोन्ही हात वर करून पाहावे. मागचा बँड वर चढला, तर तो सैल आहे.

वरच्या बाजूला पोकळी दिसली की कप मोठा आहे असे लगेच ठरवू नये. ज्यांचा भरीवपणा खालच्या बाजूला असतो, त्यांना योग्य मापाचा उंच, साच्यातला कपही वर रिकामा राहतो. त्यांच्यासाठी कमी उंचीचा कप बरा. मात्र मधला भागच हाडावर टेकत नसेल, तर कप बहुधा लहान आहे.

बँडच्या आतली सिलिकॉनची पट्टी कोरड्या, स्वच्छ त्वचेलाच धरते. बहिणीने त्या दिवशी टाल्कम पावडर लावली होती, आणि घरी आल्यावर ती पट्टी बोटाला पांढरी, गुळगुळीत लागत होती. ती सौम्य साबणाने धुवावी व सावलीत वाळवावी.

चिकटणाऱ्या बॅकलेस ब्राला बँडच नसतो, त्यामुळे तिथे फक्त कपचे माप पाहावे. लोशन, पावडर किंवा घाम असला की तिची पकड सुटते, आणि भरीव स्तनांना ती पुरेसा आधार देऊ शकत नाही. अशा वेळी शिंप्याकडून ब्लाउजमध्येच कप शिवून घेणे मला अधिक भरवशाचे वाटते. त्वचेवर पुरळ किंवा जखम असेल, तर ती मुळीच चिकटवू नये.