अ‍ॅपमध्ये सबस्क्रिप्शन बंद केलं, तरी पैसे कटतायत?

विश्रामबागेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. सराव परीक्षांच्या अ‍ॅपचे महिन्याला २९९ रुपये. परीक्षा झाली, तिने अ‍ॅपमधलं खातं डिलीट केलं, अ‍ॅपही काढून टाकलं. तरी पुढच्या ५ तारखेला पैसे कटलेच.

यात बँकेची चूक नाही. पैसे घेण्याची परवानगी अ‍ॅपमध्ये नसते; ती बहुतेकदा प्ले स्टोअरवर तरी असते, नाहीतर यूपीआयच्या ऑटोपेमध्ये. खातं डिलीट केल्याने फक्त तुमचं तिथलं नाव जातं, परवानगी तशीच राहते.

आधी परवानगी कुठे आहे ते शोधा. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. त्यात गूगल प्लेचं नाव असेल तर काम प्ले स्टोअरवर. थेट अ‍ॅपच्या कंपनीचं नाव असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये.

प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या फोटोवर टॅप करा. Payments & subscriptions, मग Subscriptions. तिथे अ‍ॅपचं नाव निवडून Cancel subscription दाबा, कारण विचारतील ते द्या आणि शेवटपर्यंत जा. मध्येच मागे फिरलात तर काहीच रद्द होत नाही. रद्द झाल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत अ‍ॅप चालतं, ते बघून घाबरू नका.

यादी रिकामी दिसली तर? इथेच बहुतेक जण अडकतात. फोन घेताना दुकानदाराने एक जीमेल काढून दिलेला असतो, नंतर आपण दुसरा टाकतो, आणि सबस्क्रिप्शन पहिल्यावर असतं. त्या मुलीचंही असंच होतं. पैशांची पावती ज्या जीमेलमध्ये आली (तिच्यातला ऑर्डर नंबर GPA ने सुरू होतो), तेच खातं खरं. फोटोवर टॅप करून त्या खात्यावर जा आणि यादी पुन्हा बघा.

कंपनीने थेट यूपीआयवर परवानगी घेतली असेल, तर ज्या यूपीआय अ‍ॅपमधून ती दिली होती तेच उघडा. प्रोफाइलमध्ये Autopay शोधा, त्या कंपनीचं नाव उघडा आणि रद्द करा. Pause दाबू नका. तो तात्पुरता थांबा आहे, मुदत संपली की पैसे पुन्हा सुरू. रद्द करताना पिन मागतात. पिन म्हटलं की हात आखडतो, पण इथे तो परवानगी मोडण्यासाठीच लागतो. तरी टाकण्याआधी स्क्रीनवर रद्द करण्याचीच विनंती आहे ना, ते वाचा.

आयफोनवर हेच Settings मध्ये, सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करून Subscriptions मध्ये मिळतं.

कटलेले पैसे मात्र रद्द केल्याने आपोआप परत येत नाहीत. प्ले स्टोअरचा व्यवहार असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागा. त्यानंतर अ‍ॅपच्या कंपनीलाच ऑर्डर नंबरसकट लिहावं लागतं.