पार्टीत 'मी घेत नाही' सांगताना या चुका टाळा

थंडी पडली की आपल्या जळगाव-भुसावळ साइडला शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, काड्यांवर वांगी भाजली जातायत, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातायत आणि बाजूला सतरंजीवर ग्लास भरले जातायत. मग कोणीतरी म्हणतंच, "घे ना भो, एकच."

माझी पहिली चूक इथेच झाली होती. मी बोललो, "नाही, मी असलं काही घेत नाही." त्या 'असलं'ने घोळ केला. मला फक्त नाही म्हणायचं होतं पण बसलेल्या सहाही जणांना वाटलं की हा आपल्याला बेवडे म्हणतोय. "आमच्या घरात चालत नाही" याचंही तेच, समोरचा मनात म्हणतो म्हणजे आमच्या घरात चालतं का?

आता मी म्हणतो, "मी नाही घेत भो, मला कोल्ड्रिंक दे ना, बर्फ टाकून." विषय माझ्यापुरता राहतो आणि त्याला लगेच काहीतरी काम मिळतं. बोलावणाऱ्याचा अर्धा आग्रह या टेन्शनचा असतो की पाहुणा रिकाम्या हाताने बसलाय. हातात भरलेला ग्लास दिसला की तो पुढच्याकडे वळतो. फक्त ग्लास स्वतः भरा आणि हातातच ठेवा, गंमत म्हणून त्यात ओतणारे महाभाग असतात.

दुसरी चूक म्हणजे खोटी गोळी. माझ्या एका मित्राने सांगितलं अँटिबायोटिक चालू आहे, पाच दिवसांचा कोर्स. पुढच्या रविवारी तेच लोक, "झाला ना कोर्स?" म्हणजे त्याने नकार दिलाच नव्हता, तारीख दिली होती! वर एकजण डॉक्टर झाला, मी तर गोळीवर पण घेतो, काही होत नाही. खरंच औषध चालू असेल तर सांगाच, मेट्रोनिडाझोलसारख्या गोळीवर दारू घेतली तर उलट्या, धडधड होऊ शकते. गाडी चालवायची असेल तर तेही खरं कारण, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की केस होते, पण पुढच्या वेळी मागच्या सीटवर बसून आलात तर हे कारण गेलं.

आणि तिसऱ्यांदा विचारलं म्हणून तिसरं कारण देऊ नका. आधी पोट, मग गाडी, मग उपवास असं केलं की समोरच्याला वाटतं अजून थोडं ताणलं तर हा घेईल. तेच वाक्य, तोच आवाज, हसून. "नाही घेत भो. वांगी झाली का बघ."

नंतर कोणाचे पेग मोजू नका, व्हिडिओ काढू नका, आणि चकणा एकट्याने संपवू नका, यावर लोक खरंच चिडतात.

काँट्रीचं आदल्या दिवशीच बोला. हिशोब चालू असताना "मी पीत नाही, माझे कमी करा" म्हटलं की सगळं परत 'असलं'वर येतं. आमच्यात आता वांगी, तेल, पुऱ्या सगळ्यांत सारखं आणि बाटली घेणाऱ्यांची वेगळी, ग्रुपवर आधीच टाकतो.