आजीचा पहिला लॅपटॉप आणि मराठी टायपिंग: या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंची ही गोष्ट. शाळेच्या शताब्दी स्मरणिकेसाठी त्यांनी आठवणी लिहिल्या, वहीच्या पानांवर, सुवाच्य अक्षरात. संपादकांनी पानं परत पाठवली आणि विनंती केली, "बाई, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवाल का?" युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी मराठीच दिसावी अशी अक्षरं साठवायची पद्धत. मुलानं लॅपटॉप आणून दिला आणि शिकवायचं काम दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नववीतल्या नातवाकडे आलं. त्या सुट्टीत जे जे अडलं ते घरोघरी अडतं, आणि बहुतेक वेळा दोष आजीच्या वयाला दिला जातो. खरी कारणं निराळी असतात आणि ती दूर करता येतात.

माउस नातवाच्या हातात

पहिल्या दुपारी नातवानं विंडोज ११ मधलं Settings उघडलं, Time & language मध्ये गेला, Language & region मधून मराठी जोडली, वर्ड उघडलं आणि म्हणाला, "झालं आजी, लिही आता." हे सगळं पाच मिनिटांच्या आत. बाईंना दिसला तो नुसता पळणारा बाण. दुसऱ्या दिवशी नातू क्रिकेटला गेला आणि बाई काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या, कारण लॅपटॉप कुठून सुरू करायचा हेच त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं नव्हतं.

शिकवणाऱ्यानं माउसला हात लावायचा नाही, ही अट पहिल्या दिवसापासून हवी. नातवानं तोंडानं सांगायचं, हात आजीचा चालला पाहिजे, मग कितीही वेळ लागो. मुलाच्या हातातली पाटी काढून घेऊन आपणच गणित सोडवलं तर मूल काही शिकत नाही, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच नातवाला शेजारची खुर्ची सोडून मागे उभं राहायला लावलं.

दुसरी गोष्ट वहीची. नोंदी नातवानं लिहून द्यायच्या नाहीत. आजीनं स्वतःच्या शब्दांत लिहायच्या, आणि पडद्यावर जे दिसतं तेच लिहायचं. बाईंची एक नोंद अशी होती: "खाली उजव्या कोपऱ्यात ENG दिसतं. खिडकीचं चित्र असलेली कळ दाबून धरायची आणि लांब आडवी कळ एकदा दाबायची. ENG जाऊन मराठी अक्षरं आली की टाइप करायला सुरुवात." नातवाच्या भाषेत हे "इनपुट लँग्वेज स्विच कर" असं झालं असतं आणि तो पुण्याला परतल्यावर त्याचा काही उपयोग झाला नसता.

डबल क्लिक जमत नाही

बाई दोनदा दाबायच्या, पण फाइल उघडायची नाही. कधी फाइलचं चित्रच सरकून भलतीकडे जायचं. नातू म्हणायचा, "अगं आजी, लवकर लवकर दाब." वेग वाढवला की हात आणखी हलायचा. दोन क्लिकच्या मध्ये बाण जरासा सरकला की संगणक ती दोन वेगळी क्लिक समजतो, आणि कळ दाबलेली असतानाच हात हलला तर चित्र ओढलं जातं. ज्यांच्या बोटांना थोडा कंप आहे त्यांना डबल क्लिकचा सराव करायला लावण्यात अर्थ नाही. फाइलवर एकदाच क्लिक करायचं, तिचा रंग बदलला की माउस सोडून Enter दाबायचं. फाइल उघडते.

याच्या जोडीला टचपॅडचा त्रास होता. बाई मन लावून टाइप करत आणि दोन ओळींनंतर मान वर केली की नवं वाक्य वरच्या परिच्छेदाच्या मध्येच घुसलेलं असे. त्यांना वाटलं लॅपटॉप बिघडला. खरं तर टाइप करताना तळहात खालच्या चौकोनाला लागत होता आणि त्या स्पर्शाला क्लिक समजून कर्सर तिकडे उडी मारत होता. वेगळा माउस जोडलेला असेल तर Settings मध्ये Bluetooth & devices, मग Touchpad उघडावं आणि Leave touchpad on when a mouse is connected पुढची खूण काढावी. माउस नसेल तर तिथेच संवेदनशीलता Low sensitivity वर आणावी. आणि घुसलेलं वाक्य काढायला आधी Ctrl आणि Z.

नातवाला सोपा तो कीबोर्ड आजीला लावला

माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक ही. नातवानं Marathi Phonetic निवडला, कारण तो मित्रांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितो. बाईंनी मात्र आयुष्यभर बाराखडी शिकवली. ळ साठी कोणतं इंग्रजी अक्षर, ण साठी कोणतं, मोठ्या लिपीतलं की लहान, ज्ञान लिहायला स्पेलिंग काय करायचं, या प्रश्नांत त्यांची पूर्ण दुपार जायची आणि पान दोन ओळींच्या पुढे सरकायचं नाही.

मराठी जोडल्यावर विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट मांडणीही असते. भारतीय मानक ब्युरोनं 1991 मध्ये प्रमाणित केलेली ही मांडणी वर्णमालेवर उभी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. k दाबलं की क, Shift धरून k दाबलं की ख. i वर ग, Shift सह घ. त आणि थ एका कळीवर, प आणि फ एका कळीवर. महाप्राण हवा तर Shift, एवढं नातवानं नव्हे तर बाईंनीच ओळखलं आणि त्या क्षणापासून त्यांना कीबोर्डचा हिशेब लागला. जोडाक्षरासाठी d ही कळ पाय मोडते. म्हणजे क्ष लिहायचा तर क, पाय मोडायची खूण, ष. ज्ञ साठी ज, तीच खूण, ञ.

अक्षरं कुठं आहेत ते दिसावं म्हणून विंडोजची कळ, Ctrl आणि O एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड येतो, आणि मराठी चालू असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात. ज्या आजीआजोबांना इंग्रजी कीबोर्डची आधीपासून सवय आहे त्यांना फोनेटिक सोपा पडेल. पण ज्यांची मराठी पक्की आणि कीबोर्ड नवा, त्यांच्यासाठी मी इनस्क्रिप्टच सुचवेन.

गोल ठिपक्यांचं वर्तुळ आणि "किवता"

इनस्क्रिप्टवर पहिलाच शब्द बाईंनी लिहिला "शिक्षक". पडद्यावर सुरुवातीला ठिपक्यांचं एक वर्तुळ आलं, त्याला वेलांटी लटकलेली, आणि पुढे "शक्षक". मग "कविता" लिहिलं तर उमटलं "किवता". इथे वर्तुळ नव्हतं, पण शब्द चुकलाच.

दोन्हींचं कारण एकच. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून बाई ती आधी दाबत. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर तसंच करत. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम चालतो: आधी व्यंजन, मग स्वर. वेलांटी आधी दाबली तर ती मागच्या अक्षराला चिकटते, आणि मागे अक्षरच नसेल तर ते वर्तुळ दिसतं. "शिक्षक" साठी क्रम असा: Shift+M, f, k, d, Shift आणि स्वल्पविरामाची कळ, k. वाचून दाखवला तर श, ऱ्हस्व वेलांटी, क, पाय मोडला, ष, क. नातवानं हे समजावायला सुरुवात केली आणि बाईंनीच वाक्य पुरं केलं, "म्हणजे श् अधिक इ. मग तसं सांग ना."

खोडण्याचीही एक गंमत कळून घ्यावी लागते. "दुसऱ्या" मधलं शेवटचं अक्षर चुकलं म्हणून Backspace दाबलं तर अख्खं ऱ्या जात नाही, फक्त काना जातो. पुन्हा दाबलं की य जातो. Backspace शेवटचा दाबलेला तुकडा काढतं. कर्सर अक्षराच्या आधी ठेवून Delete दाबलं तर वर्डमध्ये पूर्ण जोडाक्षर एकदम जातं. बाई याला आधी "अर्धवट खोडणं" म्हणून वैतागल्या होत्या, नंतर चुकलेली मात्रा तेवढीच बदलायला त्यांना Backspace आवडू लागलं.

त्याच "दुसऱ्या"मध्ये आणखी एक अडचण आहे. साधा र घेऊन पाय मोडला आणि य लिहिला तर "दुसर्या" होतं, रफार वर जातो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत जो फरक, तोच इथे. त्यासाठी Shift धरून j दाबायचं, मग d, मग य ची कळ. स्मरणिकेत "दुसर्या वर्गात", "सार्या मुली" असं छापलेलं बाईंना सहन झालं नसतं.

जुन्या फाँटमधली फाइल

संपादकांनी माजी मुख्याध्यापकांचा एक जुना लेखही तपासायला पाठवला होता. बाईंच्या लॅपटॉपवर तो उघडला तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. नातवानं एकामागून एक फाँट बदलून पाहिले. त्यानं काही होत नाही, कारण कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि तो विशिष्ट फाँट त्यांना मराठीचं रूप देतो.

परीक्षा सोपी आहे. मजकूर निवडून फाँट Nirmala UI करावा. मराठी मराठीच राहिली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, इंग्रजी झाली तर जुन्या फाँटमध्ये. अशा फाइलला त्याच फाँटचा परिवर्तक लागतो. कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीला लावला तर वेगळाच कचरा निघतो. परिवर्तनानंतरही ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागतात. लेख दोन पानांचाच होता, म्हणून बाईंनी तो छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केला. एवढ्या छोट्या मजकुराला हाच मार्ग बरा.

फाइल कुठे गेली?

एका संध्याकाळी बाईंनी झाकण मिटवलं आणि सकाळी घाबरून नातवाला उठवलं. मजकूर होता, कारण झाकण मिटल्यावर लॅपटॉप सहसा बंद होत नाही, झोपतो. पण बॅटरी पूर्ण उतरली असती तर न साठवलेलं लिखाण जाण्याची भीती होती. पहिली ओळ लिहिली की लगेच Ctrl आणि S, Documents हा फोल्डर, आणि ओळखता येईल असं नाव. बाईंनी नाव दिलं "शताब्दी आठवणी 1". दर परिच्छेदानंतर पुन्हा Ctrl आणि S.

पाठवताना दोन फाइली पाठवाव्यात: मांडणी करणाऱ्याला बदल करता यावेत म्हणून वर्डची docx, आणि अक्षरं मुळात कशी दिसायला हवीत ते कळावं म्हणून PDF. वर्डमध्ये Save As करताना प्रकारात PDF निवडता येतो.

फोनवरून मदत मागताना

सुट्टी संपल्यावर बाईंचा पहिला फोन होता, "मराठी येतच नाही रे." नातवानं विचारलं, काय दाबलंस, काय झालं, आणि वीस मिनिटं दोघं चाचपडत राहिले. "येत नाही" यातून पलीकडच्याला काहीच कळत नाही. सांगायच्या गोष्टी तीन: उजव्या कोपऱ्यात कोणती भाषा दिसते, शेवटची कोणती कळ दाबली, आणि पडद्यावर चौकट आली असेल तर तिच्यातली अक्षरं जशीच्या तशी. वाचता येत नसेल तर मोबाइलनं पडद्याचा फोटो. पासवर्ड घेत नाही अशी तक्रार असेल तर आधी Caps Lock आणि भाषा पाहायची.

पुढच्या खेपेला बाईंनी सांगितलं, "कोपऱ्यात मराठी आहे, पण जे दाबते त्याला फोनेटिकसारख्या इंग्रजी सूचना येतायत." नातवाला लगेच कळलं. त्यानं पहिल्या दिवशी जोडलेला फोनेटिक कीबोर्ड काढलाच नव्हता आणि विंडोजची कळ व स्पेस दाबताना बाई कधी त्यावर थांबत, कधी इनस्क्रिप्टवर. Language & region मध्ये मराठीपुढचे तीन ठिपके, Language options, आणि तिथे Marathi Phonetic पुढचे तीन ठिपके, मग Remove. नातू फोनवरून सांगत गेला आणि बाईंनी ते स्वतः काढलं.