दोन ब्लूटूथ स्पीकर जोडताय? या चुका टाळा, म्हणजे आवाज मागे-पुढे होणार नाही

दोन स्पीकर जोडले की आवाज दुप्पट होईल असं वाटतं आणि प्रत्यक्षात विहिरीत गाणं लावल्यासारखा घुमतो. मग दोष कधी फोनला, कधी स्पीकरला, कधी 'ब्लूटूथच असलं' म्हणून सगळ्यालाच दिला जातो. खरं तर या मागे-पुढे होण्याची कारणं दोन अगदी वेगळ्या जातीची आहेत. एक वायरलेस जोडणीतलं, दुसरं निव्वळ हवेतलं. त्यातलं कोणतं आपल्या नशिबी आलंय ते न तपासता लोक सेटिंग खेळवत बसतात, ही पहिली चूक.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. दोन्ही स्पीकर एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि फोनवर मेट्रोनोमचं कुठलंही ॲप मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा. ठोका एकच ऐकू आला, तर जोडणी ठीक आहे. 'टक-टक' असे दोन स्पष्ट आले, तर घोळ जोडणीत आहे. ठोका एकच, पण पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला, तर फरक आहे पण थोड्याच मिलिसेकंदांचा. तोंडी अंदाजापेक्षा ही परीक्षा बरी, कारण गाण्यात तबला, घुमारा आणि भिंतींचा प्रतिध्वनी इतका मिसळलेला असतो की कान फसतो.

दोन्ही स्पीकर फोनलाच जोडणं

जोडणीतला घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. आपल्या नेहमीच्या ब्लूटूथवर फोन गाणं एका वेळी एकाच स्पीकरला देतो, अशीच मूळ रचना आहे. पार्टी मोडमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकर एकच गाणं वाजवतात तेव्हा, फोन पहिल्या स्पीकरशी बोलतो आणि तो स्पीकर पुढे दुसऱ्याला आवाज पोचवतो. हा पहिला स्पीकर स्वतः जरा थांबतो, दुसऱ्याला माल मिळाला की दोघे एकाच वेळी वाजवतात. वेळ जुळवायचं काम स्पीकर करतात, फोन नाही.

सॅमसंगच्या फोनमध्ये 'ड्युअल ऑडिओ' असते, तिथे मात्र फोन दोन स्पीकरना दोन स्वतंत्र जोडण्यांवर गाणं पाठवतो. प्रत्येक स्पीकर आपापल्या साठ्यातून, आपापल्या वेगाने वाजवतो आणि कुणी कुणाची वाट पाहत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर असतील तर फरक हमखास जाणवतो. दोन खोल्यांत दोन स्पीकर ठेवायचे असतील तर ही सोय छान आहे, एका खोलीत मात्र नको. ओळखायची खूण अशी की गाणं थांबवून पुन्हा सुरू केलं की दोन ठोक्यांमधलं अंतर बरेचदा बदलतं.

उपाय म्हणजे फोनच्या ब्लूटूथ यादीतून दुसऱ्या स्पीकरचं नाव काढून टाका, 'विसरा' म्हणा. हे केलं नाही तर तो स्पीकर चालू होताच फोनला जाऊन चिकटतो आणि जोडीदाराला दाद देत नाही. मग फोनचं ब्लूटूथ बंद ठेवून आधी दोन स्पीकर एकमेकांशी जोडा, आणि ते जोडले गेल्याचा आवाज आल्यावरच फोन एकाला जोडा. स्वस्तातल्या, 'टीडब्ल्यूएस' म्हणजे वायरशिवाय जोडीने वाजणारा असं लिहिलेल्या स्पीकरवर हा क्रम फारच महत्त्वाचा आहे. तिथे बहुधा एकाच स्पीकरचं बटण दाबायचं असतं. दोन्हीकडे दाबलंत तर दोघेही एकमेकांना शोधत राहतात.

जोडी न पाहता घेतलेली जोडी

कंपनी एकच म्हणून स्पीकर जमतीलच असं नाही. जेबीएलचंच घ्या, स्पीकर एकमेकांशी जोडायची पद्धत दर पिढीत वेगळी: फ्लिप 4 मध्ये कनेक्ट प्लस, फ्लिप 5 आणि 6 मध्ये पार्टीबूस्ट, फ्लिप 7 मध्ये ऑराकास्ट. या तीन पिढ्या एकमेकींशी बोलत नाहीत. फ्लिप 5 आणि फ्लिप 6 पार्टीत एकत्र वाजतील, पण डावा-उजवा स्टिरिओ करायला दोन्ही एकाच मॉडेलचे लागतात. घरात एक असताना दुसरा घेणार असाल तर बॉक्सवर आधी हेच वाचा, वॅट नंतर. आणि जोडल्यावर कंपनीच्या ॲपमधून दोन्हींचं फर्मवेअर, म्हणजे स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. दोन वेगळ्या आवृत्त्यांवरही जोडी कुरकुरते.

हवेतला उशीर

आता ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं ते. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे स्पीकर अगदी तंतोतंत एकत्र वाजत असले, तरी लांबचा आवाज कानाला उशिराच पोचतो. काही मिलिसेकंदांपर्यंत कान दोन्ही आवाज एकच धरतो. बोलण्यात आणि गाण्यात साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांच्या पुढे तो प्रतिध्वनी म्हणून वेगळा ऐकू येऊ लागतो, आणि टाळी किंवा टाळांसारख्या टोकदार आवाजात त्याही आधी.

सोसायटीच्या पार्किंगमधला गणपती घ्या. एक स्पीकर मखराशेजारी, दुसरा गेटपाशी, मधे 18 मीटर. 18 मीटर म्हणजे सुमारे 53 मिलिसेकंद. पार्किंगच्या मधोमध उभा असलेला माणूस म्हणेल, सगळं ठीक आहे. मखरापाशी आरती म्हणणाऱ्याला मात्र गेटचा आवाज मागून येतो आणि टाळ्या सरकायला लागतात. गेटवरच्याला मखराचा आवाज मागून येतो. वर काँक्रीटचा स्लॅब, खाली फरशी. लांबचा आवाज मोकळ्या मैदानात विरतो तसा इथे विरत नाही. दोन्ही स्पीकर टेबलावर आणून ठेवले की ठोका एकच येतो, म्हणजे जोडणी निर्दोष. जोडणी कितीही वेळा तोडून पुन्हा केली तरी काही होणार नाही.

मोठ्या साऊंडवाल्यांकडे मागच्या स्पीकरला तेवढा उशीर मुद्दाम द्यायची सोय असते. आपल्या हातातल्या स्पीकरमध्ये ती बहुधा नसते. म्हणून दोन स्पीकरमधलं अंतर पाच-सहा मीटरच्या आत आणा. 6 मीटरला फरक 18 मिलिसेकंदांवर येतो. दोन्ही मखराच्या दोन बाजूंना उंचावर ठेवले आणि तोंड गेटकडे केलं तर गेटवरच्याला दोन्ही जवळपास एकत्र ऐकू येतात, हे सगळ्यांत उत्तम. गेटपाशी स्पीकर ठेवायचाच असेल तर त्याचा आवाज पुष्कळ कमी करा. उशिरा आलेला आवाज मंद असेल तर मखरापाशी कान त्याची दखल घेत नाही.

स्टिरिओ लावून पांगवणं

स्टिरिओत डावी बाजू एकात आणि उजवी दुसऱ्यात जाते. असे स्पीकर हॉलच्या दोन टोकांना ठेवले तर अर्ध्या लोकांना अर्धंच गाणं मिळतं. लोक पांगलेले असतील तर पार्टी मोडच हवा. स्टिरिओ घरी, दोन स्पीकरमध्ये दोन-तीन मीटर आणि आपण दोघांपासून सारख्या अंतरावर बसणार असू, तेव्हा. मीटरभर एका बाजूला सरकलात तरी गायक त्या स्पीकरच्या दिशेने सरकल्यासारखा वाटतो. तो बिघाड नव्हे.

मधेच तुटत असेल तर कोण तुटतोय ते पाहा. दोन्ही एकदम गप्प झाले तर फोन लांब गेलाय किंवा कुणाच्या तरी खिशात आहे. फक्त दुसरा गप्प झाला तर स्पीकर-स्पीकरमधली वाट अडलीय. माणसाच्या अंगातलं पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषतं, त्यामुळे जमिनीवर ठेवलेला स्पीकर गर्दी जमली की खुळावतो. त्याला माणसांच्या डोक्याच्या वर ठेवा.

माईक मात्र या जोडीवर फोनमार्फत वाजवू नका. ब्लूटूथचा स्वतःचा उशीरच साधारण 150 ते 250 मिलिसेकंद असतो, पार्टी मोडमध्ये आणखी वाढतो, आणि गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून ऐकू आला की सूर सोडा, शब्दसुद्धा अडखळतात. माईक वायरनेच जोडा.