भिन्नमत बंडीतून नेमके कुठे उतरते

विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी अमरावतीहून दर्यापूरला परतणाऱ्या एसटीत बसून एका निकालाचे टिपण लिहिले होते. विषय होता १०३ वी घटनादुरुस्ती, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी ही दुरुस्ती तीन विरुद्ध दोन अशा मताने वैध ठरवली. अल्पमताचा निकाल न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी लिहिला आणि तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळित यांनी त्याला सहमती दिली. माझ्या टिपणातले मुख्य वाक्य असे होते: "बहुमताच्या मते आर्थिक निकषावर आरक्षण देता येते, अल्पमताच्या मते देता येत नाही." सुट्टीत मी ज्यांच्याकडे काम शिकायला जात असे, त्या गावातल्या वकीलसाहेबांनी ते वाक्य वाचून कागद परत माझ्याकडे सरकवला. "अरे बाबू, त्या वाटेवर तं दोघंही बरंच अंतर एकाच बंडीत बसून हायेत. एक जण उतरला कुठं, थे सांग ना मले."

भिन्नमताचे टिपण लिहायला बसणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा हीच असते. निकालाचा शेवट वेगळा म्हणून विचारही आरंभापासून वेगळा, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजू बराच काळ सोबत चालतात, आणि सोबतीचा हा पट्टा आधी आखून घेतल्याशिवाय फाटा सापडत नाही.

या खटल्यात तो पट्टा आखणे तुलनेने सोपे आहे, कारण न्यायालयाने तीन प्रश्न ठरवून घेतले होते. आर्थिक निकषावर विशेष तरतूद करण्याची मुभा देऊन ही दुरुस्ती घटनेच्या मूलभूत चौकटीला, म्हणजे दुरुस्ती करूनही मोडता न येणाऱ्या गाभ्याला, धक्का लावते का, हा पहिला. विनाअनुदानित खाजगी संस्थांतील प्रवेशांना ती लागू केल्याने तसे होते का, हा दुसरा. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांना या आरक्षणातून वगळल्याने तसे होते का, हा तिसरा. बहुमताच्या तिन्ही न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रे लिहिली. त्यांतले न्यायमूर्ती दिनेश माहेश्वरी यांचे निकालपत्र या प्रश्नांच्या चौकटीत सविस्तर चालते, म्हणून तुलनेसाठी मी ते पायाभूत धरले. आरक्षण किती काळ चालावे याविषयी न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांनी केलेली टिप्पणी कितीही गाजली असली, तरी निकाल तिच्यावर उभा नाही. म्हणून ती मी बाजूला ठेवली.

मग वहीचे पान उभे दुमडून डावीकडे बहुमताची पायरी आणि उजवीकडे अल्पमताची पायरी, प्रत्येकी एका वाक्यात, आपल्या शब्दांत लिहीत गेलो. गरिबी हा राज्याने दखल घेण्याजोगा निकष आहे का? दोन्हीकडे होय. विनाअनुदानित संस्थांबाबतची तरतूद टिकते का? दोन्हीकडे होय. वगळणे टिकते का, या तिसऱ्या प्रश्नावर पहिल्यांदा उजवीकडे "नाही" आले.

परंतु "नाही" सापडले म्हणजे फाटा सापडला असे होत नाही, कारण ते केवळ उत्तर आहे आणि आपल्याला त्याआधीची पायरी हवी आहे. बहुमताचा युक्तिवाद असा चालतो: वगळलेल्या वर्गांना घटनेतल्या आरक्षणाचा लाभ आधीच आहे, ज्यांना तो नाही अशा गरिबांचा वेगळा वर्ग करणे हे वाजवी वर्गीकरण आहे, आणि आधीच्या लाभार्थ्यांना वगळल्याशिवाय नव्या तरतुदीचा हेतूच साधत नाही. अल्पमत यातल्या पहिल्याच पायरीवरच्या "लाभ" या शब्दापाशी थांबते. जातीमुळे पिढ्यान्पिढ्या झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून जे दिले गेले, ते गरिबीवरच्या उपायाच्या तागडीत टाकून "तुम्हाला आधीच मिळाले आहे" असे म्हणता येत नाही, अशी त्याची भूमिका आहे.

वकीलसाहेबांनी मला हे आमच्या शिवारातल्या उदाहरणावर मांडायला लावले. एकाच वावरात कापूस वेचणाऱ्या दोन मजूर बाया घ्या. दोघींची मजुरी सारखी, दोघींचीही मुले महाविद्यालयात जाणारी. एक खुल्या प्रवर्गातली, दुसरी अनुसूचित जातीतली. बहुमत दोघींकडे पाहून विचारते, कोणासाठी दार आधीच उघडे आहे? अल्पमत विचारते, नव्या दारावर "गरिबांसाठी" अशी पाटी असताना दोन सारख्याच गरिबांपैकी एकीला तिच्या जातीवरून परत का पाठवायचे? पहिल्या प्रश्नात तुलना दोन तरतुदींची आहे, दुसऱ्यात दोन माणसांची. टिपणात मी हे वाक्य अधोरेखित केले, कारण वगळण्याबाबतचे पुढचे सगळे मतभेद, मूलभूत चौकटीबद्दलचेसुद्धा, इथूनच फुटतात: बहुमताला वर्गीकरण वाजवी वाटल्यावर चौकट शाबूत राहते, आणि अल्पमताच्या लेखी कोणालाही न वगळणे हाच समतेच्या तत्त्वाचा गाभा असल्याने अशा वगळण्यामुळे चौकटच मोडते.

फाटा बरोबर पकडला की नाही, हे तपासण्याची एक रीत आहे. ती पायरी खोडून पाहावी. निष्कर्ष तसाच उभा राहिला तर आपण चुकीची जागा धरली आहे. अल्पमतात आर्थिक मागासांविषयीच्या सिन्हो आयोगाच्या २०१० च्या अहवालातील आकडे येतात, त्यानुसार दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण अनुसूचित जमातींत ४८.४ टक्के, अनुसूचित जातींत ३८ टक्के, तर सर्वसाधारण प्रवर्गात १८.२ टक्के होते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी हाच फाटा म्हणून लिहिला होता. आकडे खोडले तरी वगळण्याविषयीचा तात्त्विक आक्षेप जसाच्या तसा राहतो. ते त्याला बळ देतात, एवढेच. "लाभ" शब्दाविषयीची पायरी खोडली, तर मात्र अल्पमताच्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला आधारच उरत नाही.

दुसऱ्यांदा मी चुकलो तो भिन्नमताच्या पहिल्याच वाक्यावर विसंबून. तिसऱ्या प्रश्नावर बहुमताशी सहमत होता येत नसल्याचा खेद न्यायमूर्ती भट आरंभीच व्यक्त करतात, त्यावरून पहिल्या प्रश्नावर संपूर्ण एकमत आहे असे मी लिहून मोकळा झालो. शेवटचे निष्कर्षाचे परिच्छेद वाचल्यावर कळले की तिथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुभंगलेले आहे. कलम १५ खाली, म्हणजे शिक्षणासारख्या गोष्टींसाठी, आर्थिक निकष चालतो. कलम १६ खाली, म्हणजे सरकारी नोकरीत, चालत नाही, कारण तिथल्या आरक्षणाचा हेतू समाजघटकाला प्रतिनिधित्व मिळावे हा आहे आणि एकट्या व्यक्तीची गरिबी त्या हेतूशी जुळत नाही. हा दुसरा, लहान पण स्वतंत्र फाटा आहे. म्हणून माझ्या पहिल्या वाक्यात नोकरीपुरते सत्य होते आणि शिक्षणापुरती चूक, हे मला तेव्हा उमगले. तेव्हापासून आरंभ आणि शेवट शेजारी ठेवूनच मधला मजकूर वाचतो.

राहिला एकूण आरक्षणावरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेचा मुद्दा. बहुमत म्हणते की ती मर्यादा लवचीक आहे आणि आधीच्या आरक्षणांपुरतीच आहे. अल्पमत तिचे उल्लंघन पुढच्या उल्लंघनांचे दार ठरेल असा इशारा देते, पण तमिळनाडूच्या आरक्षणासंबंधीच्या ७६ व्या घटनादुरुस्तीला दिलेले आव्हान प्रलंबित असल्याने त्यावर अंतिम मत देत नाही. त्यामुळे उजव्या रकान्यात ना "होय" लिहिता आले, ना "नाही". तिथे मी पेन्सिलीने "इशारा, निर्णय नाही" एवढेच लिहिले. वकीलसाहेबांनी दुसऱ्या वेळी टिपण वाचले तेव्हा तेवढ्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि कागद स्वतःच्या फायलीत ठेवून दिला.