झटका मशीन बदलण्याआधी अर्थिंग बघा

पाऊस थांबला की पंधरा-वीस दिवसांत तक्रार सुरू होते, "कुंपण चालूय, तरी डुकरं आत." मशीनची टकटक नीट, मीटरवर साडेसहा हजार व्होल्ट, पण पीक उलथलेलं. विक्रेता लगेच मोठं मशीन सुचवतो. ते घेऊ नका, आधी अर्थिंगची सळई उपटून बघा.

मागच्या हंगामात एका शेतात मी हेच केलं. दोन फुटांची एकच सळई, कोरड्या मुरमात, आणि तिला तांब्याची तार नुसती पिळलेली. जोडावर हिरवट थर आला होता. झटका तारेतून जनावरात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून सळईवाटे मशीनकडे परत जातो. ही परतीची वाट सुकली की झटका मरतो. कुंपणाला कुणी शिवत नसतं तेव्हा मात्र मीटर छान आकडा दाखवतो, म्हणूनच फसगत होते.

तपासायचं असं. मशीन बंद करा. शंभर मीटर लांब जाऊन तीन-चार लोखंडी सळया जमिनीत रोवून चालू तारेला टेकवा. मशीन सुरू केल्यावर तारेचा दाब दोन हजारांखाली यायला हवा, नाही आला तर आणखी सळया टेकवा. मग अर्थिंगच्या शेवटच्या सळईपासून एक मीटरवर मीटरची खुंटी रोवून सळईवरचा दाब मोजा. तीनशेच्या वर आकडा म्हणजे अर्थिंग कमी. त्या शेतात चौदाशे भरला.

तिथे सहा फुटी तीन जस्ती सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, पाण्याच्या पाटाकडेच्या ओलाव्यात ठोकल्या. जस्ती तारेनेच आणि क्लॅम्पने जोडल्या. आकडा दोनशेवर आला. मशीन जुनंच. घराच्या वा मोटारीच्या अर्थिंगपासून मात्र किमान दहा मीटर दूर राहा. अर्थिंगची पावडर वगैरे नंतरची गोष्ट. आणखी एक सळई स्वस्त पडते.

माझा अंदाज असा, की पहाटे दवात झटका जोरात आणि भर दुपारी मिळमिळीत लागत असेल तर दोष नव्वद टक्के जमिनीकडेच असतो. खडकाळ, कोरड्या रानात सळया वाढवूनही भागत नाही. तिथे एक तार चालू, एक अर्थिंगला जोडलेली अशी आलटून पालटून ओढा. डुकराचा दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला की झटका बसतो.

बाकी नेहमीचं:
- पॅनेल पुसा, सावली काढा
- बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, टोकांना ग्रीस
- सकाळी बॅटरी १२ व्होल्टखाली असेल तर चार्जिंग तपासा
- तारेला टेकलेलं गवत कापा
- फुटके इन्सुलेटर बदला

आणि घरातली वीज थेट तारेला कधीच जोडू नका. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, ती मात्र माणसाला धरून ठेवते.

सळयांचं काम याच आठवड्यात उरका. जमीन कडक झाली की सहा फुटी सळई निम्म्यावरच अडते आणि लोक ती तशीच कापून टाकतात.